१ नॉर्मल म्हणजे नत्र नव्हे: माती तपासणीची पद्धत मराठीत आणताना

दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या पोटात, शेतकऱ्यांच्या एका कंपनीनं माती तपासायची लहानशी लॅब टाकली. यंत्रं आली, काचेचं सामान आलं, रसायनांची खोकी आली आणि त्यांच्यासोबत झेरॉक्स केलेल्या इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा आला. लॅब सांभाळणार होत्या गावातल्याच दोघी. धाकटी बारावी सायन्स झालेली, मोठीचं बीएस्सी शेवटच्या वर्षाला अडलेलं. इंग्रजी वाचता येत नाही असं नाही. पण फ्लास्कमध्ये आम्ल वाफाळत असताना "shall be diluted to" या तीन-चार शब्दांत नेमकं काय करायला सांगितलंय हे शोधत बसायला वेळ नसतो. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून कंपनीचे सचिव गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, एवढं मराठीत करून द्या. तुमाले तं डाव्या हाताचा मळ हाय."

बराचसा भाग खरंच तसा निघाला. मातीचा नमुना कसा घ्यायचा, कसा वाळवायचा, कसा चाळायचा यात अडण्यासारखं काही नव्हतं. अडलं ते सेंद्रिय कर्बापाशी. जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब नावाची जी ओळ असते, ती ज्या पद्धतीनं काढतात ती वॉकली आणि ब्लॅक या दोघांनी १९३४ मध्ये मांडली. अजूनही गावोगावच्या लॅबमध्ये तीच चालते, कारण तिला महाग यंत्र लागत नाही. लागतं ते टायट्रेशन, म्हणजे ताकद माहीत असलेलं द्रावण रंग बदलेपर्यंत थेंब थेंब सोडून किती लागलं ते मोजणं, आणि नीट मोजलेली चार द्रावणं.

पद्धत थोडक्यात अशी. चाळलेली १ ग्रॅम माती शंकूच्या फ्लास्कमध्ये घ्यायची. तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं १ नॉर्मल द्रावण पिपेटनं बरोबर १० मिली सोडायचं. मग २० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. मातीतला कर्ब डायक्रोमेटला खातो. अर्ध्या तासानं २०० मिली पाणी आणि १० मिली ऑर्थोफॉस्फोरिक आम्ल घालायचं, डायफिनाइल अमाइनचा १ मिली दर्शक टाकायचा आणि उरलेलं डायक्रोमेट किती ते ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटनं टायट्रेट करून मोजायचं. हेच सगळं माती न घालता एकदा करायचं, त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकपेक्षा मातीच्या फ्लास्कला जेवढं फेरस कमी लागलं, तेवढं डायक्रोमेट कर्बानं खाल्लं.

पहिला कच्चा मसुदा मी दोघींना वाचायला दिला. मूळात होतं तसंच "1 N" आणि "0.5 N" मी ठेवलं होतं; इथं N म्हणजे नॉर्मल, द्रावणाच्या संहतीचं एकक. धाकटीनं तिथंच बोट ठेवलं. "मॅडम, यात नत्र कायले टाकाचं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. त्या लॅबमध्ये भिंतीवर, पत्रिकेवर, खताच्या पोत्यावर, सगळीकडे N म्हणजे नत्रच. मग मी प्रत्येक ठिकाणी आकड्यानंतर "नॉर्मल" असं पूर्ण लिहिलं आणि बाटलीच्या लेबलापुरतं N ठेवलं. मोलरचंही तसंच केलं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. M म्हणजे मोलर आणि m म्हणजे मिली हा फरक "एम" लिहिल्यावर साफ पुसला जातो. म्हणून संहतीच्या एककाला संक्षेप द्यायचाच नाही, असं ठरवलं. पानं थोडी लांबली, लांबू दिली.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं यावर वेगळा तोडगा सुचवला. नॉर्मॅलिटी आता जुनी झाली, नव्या पुस्तकांत सगळं मोलरमध्ये असतं, तर भाषांतर करतेच आहेस तर एककंही बदलून टाक. ऐकायला बरं वाटतं, पण इथंच खड्डा आहे. या अभिक्रियेत डायक्रोमेटचा एक रेणू सहा इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून त्याचं १ नॉर्मल द्रावण म्हणजे ०.१६६७ मोलर. फेरसचा एक आयन एकच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून त्याचं ०.५ नॉर्मल म्हणजे ०.५ मोलरच. एकाच पानावर एक आकडा सहापट घटतो आणि शेजारचा जसाच्या तसा राहतो. पुढे कोणी सुधारायला बसलं की त्याला वाटणार, हे विसंगत आहे, दोन्ही सारखं करू. त्यातून पुढचं सूत्र नॉर्मॅलिटीवरच बेतलेलं. मी नॉर्मल ठेवलं. भाषांतर करणाऱ्यानं एककं बदलली तर तो भाषांतर करत नाही, नवी पद्धत लिहितो. आणि नवी पद्धत लिहायची तर ती करूनही पाहावी लागते.

त्याऐवजी प्रत्येक संहतीशेजारी वजन लिहिलं. मूळातही ते होतं, पण वेगळ्या पानावर, परिशिष्टात. १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट: १ लिटर द्रावणात ४९.०४ ग्रॅम. ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट: १ लिटर द्रावणात १९६.१ ग्रॅम, आणि २० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. नॉर्मल आणि मोलर यांत कोणाची गल्लत झालीच तर हे वजन त्याला अडवतं. डायक्रोमेटचं १ मोलर करायला कोणी निघालं तर २९४ ग्रॅम तोलावं लागेल, आणि एवढं एका लिटरात साध्या तापमानाला विरघळतच नाही. तळाशी नारिंगी खडे बसून राहतात. रसायन स्वतःच सांगतं की काहीतरी बिनसलंय.

नावांचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा चिवट निघाला. मूळ कागदात फेरस अमोनियम सल्फेट. आलेल्या बाटलीवर अमोनियम आयर्न टू सल्फेट हेक्साहायड्रेट. मोठीच्या बीएस्सीच्या वहीत मोहरचा क्षार. पदार्थ एकच. आणि शेजारच्याच फळीवर फेरिक अमोनियम सल्फेटची बाटली, जो पदार्थ या कामाला शून्य उपयोगाचा. फेरिक हे आधीच ऑक्सिडीकरण झालेलं लोह. ते डायक्रोमेटला काहीच करत नाही, ब्युरेट रिकामी केली तरी रंग बदलणार नाही. मराठीत दोघांनाही "लोह अमोनियम सल्फेट" म्हणून टाकलं असतं तर भाषा गोड झाली असती आणि लॅब बंद पडली असती.

एका जुन्या मराठी पत्रकात मी "स्फुरद आम्ल" आणि "पालाश द्विक्रोमेट" अशी नावंही पाहिली. स्फुरद म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सुपर फॉस्फेटचं पोतं उभं राहतं, ८५ टक्क्यांच्या ऑर्थोफॉस्फोरिक आम्लाची बाटली नाही. म्हणून नियम केला की रसायनाचं नाव मराठी करायचं नाही. देवनागरीत लिहायचं, शेजारी रासायनिक सूत्र द्यायचं, आणि सूत्रात स्फटिकजल असेल तर तेही. Fe(NH₄)₂(SO₄)₂·6H₂O यातला तो शेवटचा 6H₂O शोभेचा नाही. १९६.१ ग्रॅम हे वजन पाण्यासकटच्या क्षाराचं आहे. निर्जल क्षार घेतला तर तेवढ्याच संहतीला १४२ ग्रॅमच पुरतो. दोघींना सांगितलं, बाटलीचं नाव वाचू नका, सूत्र जुळवा. आणि डोळ्यांनीही बघा, फेरसचा क्षार फिकट हिरवट असतो.

क्रियापदं आणि विभक्तींत मात्र खरी मराठी लागली. इंग्रजीत आहे: पाण्यात विरघळवा आणि १ लिटरपर्यंत सौम्य करा. याचं मराठी सर्रास होतं "१ लिटर पाण्यात ४९.०४ ग्रॅम विरघळवा". हे वेगळं द्रावण झालं. ४९ ग्रॅम डायक्रोमेट स्वतः जागा घेतं, एकूण द्रावण १,०१५ मिलीच्या आसपास जातं आणि संहती दीड टक्क्यानं उतरते. मी लिहिलं: "साधारण ६०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवा. १ लिटरच्या मापी फ्लास्कमध्ये ओता. बीकर दोन-तीनदा थोड्या थोड्या पाण्यानं विसळून तेही फ्लास्कमध्येच ओता. मग खुणेपर्यंत पाणी भरा." मूळातल्या एका ओळीच्या चार ओळी झाल्या. ते ६०० मिली माझ्या पदरचे. म्हणून तिथं "साधारण" लिहिलं, आणि जिथं मूळाचा नेमका आकडा आहे तिथं "बरोबर". हे दोन शब्द मी पूर्ण मसुद्यात याच अर्थानं वापरले आणि पहिल्या पानावर तसं सांगूनही ठेवलं.

आम्ल आणि पाण्याचं सांगायला नकोच. दर्शक करायला ०.५ ग्रॅम डायफिनाइल अमाइन, २० मिली पाणी आणि १०० मिली संहत सल्फ्युरिक आम्ल लागतं. इंग्रजीत "पाणी आणि आम्लाच्या मिश्रणात" एवढंच आहे, कशात काय ओतायचं ते नाही. मराठीत एक "-त" प्रत्यय कोणाला लावता त्यावर हात भाजणं न भाजणं ठरतं. तिथं मी मूळ वाक्य बाजूला ठेवून स्पष्ट लिहिलं: पाणी आधी घ्या, पाण्यात आम्ल थोडं थोडं सोडा, बीकर थंड पाण्यात ठेवा, उलट कधीही नाही.

आणि याच सावधगिरीनं पुढच्या पायरीत घोटाळा केला असता. मातीच्या फ्लास्कमध्ये २० मिली आम्ल घालायची जी पायरी आहे, तिथं मूळात शब्द आहे "rapidly". मसुदा हातात घेऊन मोठी जेव्हा पहिल्यांदा काम करून पाहत होती, तेव्हा मी शेजारी गप्प उभी होते. काही विचारायचं नाही, सांगायचं नाही, कागदावर जे आहे तेच करायचं असं ठरलं होतं. तिनं मोजपात्र तिरपं केलं आणि आम्ल फ्लास्कच्या कडेनं अगदी धार लावून, थांबत थांबत सोडलं. कागदावर "झटकन" लिहिलेलं होतं. नंतर विचारलं, तर म्हणाली, "झटकन म्हणलं तरी ॲसिड हाय नं मॅडम, भेव लागते. अन् मांगच्या पानावर तुमीच लिहेल हाय, थोडं थोडं सोडा म्हणून."

भीती रास्त, पण या पद्धतीत बाहेरून आच देतच नाहीत. आम्ल आणि डायक्रोमेटच्या द्रावणातलं पाणी यांची गाठ पडून जी उष्णता निघते, तीच कर्ब जाळते. आम्ल एकदम पडलं तर तापमान १२० अंशांच्या आसपास चढतं. सावकाश सोडलं तर उष्णता निघते तशी उडून जाते, फ्लास्क तेवढा तापत नाही आणि कर्ब कमी दिसतो. अशा वेळी नुसता शब्द बरोबर असून भागत नाही. मी कारण त्याच ओळीत घातलं: "आम्ल सुरक्षितपणे पण एका दमात ओता, कारण या उष्णतेवरच अभिक्रिया चालते. लगेच एक मिनिट फ्लास्क गोल फिरवा आणि उष्णता न ओढणाऱ्या पाटीवर ३० मिनिटं ठेवा." ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर ठेवू नका, हेही लिहिलं. चष्मा, हातमोजे आणि एक्झॉस्ट पंखा यांची ओळ या पायरीच्या वर आणली. मूळात ती शेवटच्या पानावर होती.

मसुदा बरोबर आहे की नाही हे सांगणारा एक साक्षीदार याच पद्धतीत बसलेला आहे, तो म्हणजे ब्लँक. १० मिली १ नॉर्मल डायक्रोमेटला ०.५ नॉर्मल फेरस किती लागेल? बरोबर २० मिली. म्हणजे मराठी कागद वाचून केलेल्या द्रावणांचा ब्लँक २० च्या आसपास आला, तर दोन्ही द्रावणं ढोबळमानानं जमली. मोठीचा आला २०.४. ती हिरमुसली, पण हे चांगलं वाचन होतं. फेरसचं द्रावण हवेनं हळूहळू ऑक्सिडाइज होतं आणि कमजोर पडतं, म्हणून ते थोडं जास्त लागतं. १० ला २०.४ नं भागलं की त्याची खरी ताकद मिळते, ०.४९ नॉर्मल. म्हणून तर सूत्रात ०.५ हा आकडा कुठं नाहीच, त्याऐवजी ब्लँकच बसवलाय:

```
OC % = 10 × (B − S) / B × 0.003 × 100 / W
```

B ब्लँकचं वाचन, S मातीच्या फ्लास्कचं, W मातीचं वजन ग्रॅममध्ये. ०.००३ म्हणजे एका मिलिइक्विव्हॅलंट कर्बाचं ग्रॅममधलं वजन. मोठीच्या फ्लास्कचं वाचन आलं १७.४. फरक ३.० मिली. १० गुणिले ३.०, भागिले २०.४, म्हणजे १.४७. त्याला ०.००३ नं आणि १०० नं गुणलं की ०.४४ टक्के. हे सोडवलेलं उदाहरण मी सूत्राच्या खालीच ठेवलं. चिन्हांची यादी वाचून कोणी गणित करत नाही, शेजारचं गणित बघून आपले आकडे बसवतात.

पण ब्लँकच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि भाषांतरातल्या चुकांपैकी सगळ्यात घातक त्याच. आम्ल सावकाश ओतल्याचं ब्लँकला कळत नाही, कारण त्यात जाळायला कर्बच नाही. मघाचा तो दीड टक्क्याचा फरकही कळत नाही. फेरसच्या उन्नीस-बीसमध्ये तो लपून जातो. आणि आमच्या भागापुरतं मोठं दुखणं म्हणजे क्लोराइड.

खारपाणपट्ट्यातल्या मातीत मीठ असू शकतं, आणि क्लोराइडही डायक्रोमेटला खातं. पद्धतीला ते कर्बासारखंच दिसतं. शेतात सेंद्रिय काही नसताना पत्रिकेवर कर्ब वाढलेला दिसायचा. यावर उपाय मूळात एका ओळीत होता: क्लोराइड असलेल्या मातीसाठी १.२५ टक्के सिल्व्हर सल्फेट घातलेलं सल्फ्युरिक आम्ल वापरा. चांदीचा क्षार क्लोराइडला अवक्षेपात बांधून ठेवतो. ही ओळ तळटीपेत, बारीक अक्षरात. भाषांतर करताना मी ती तळटीपेतून उचलून मुख्य पायरीत आणली, कारण दुसऱ्या जिल्ह्यात जो अपवाद असेल तो इथं रोजचा नमुना आहे.

पण १.२५ टक्के कशाचे? आकारमानाला वजन की वजनाला वजन? पाण्याच्या द्रावणात असा प्रश्न फारसा जड जात नाही. संहत सल्फ्युरिक आम्लाचा १ लिटर भरतो साधारण १.८४ किलो. म्हणजे एका अर्थानं लिटरला १२.५ ग्रॅम सिल्व्हर सल्फेट, दुसऱ्या अर्थानं २३ ग्रॅम. जवळपास दुप्पट, आणि सिल्व्हर सल्फेट काही स्वस्त नाही. मूळात काहीच खुलासा नव्हता. मनानं एक निवडून पुढं जाणं सोपं होतं. मी मसुद्यात आकडा आहे तसा ठेवून तिथं लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं आणि अकोल्याला कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका सरांना फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे लिटरला ग्रॅम असंच मोजायचे, तुम्हीही टक्के लिहूच नका. अंतिम कागदावर आहे: "१ लिटर संहत सल्फ्युरिक आम्लात १२.५ ग्रॅम सिल्व्हर सल्फेट", आणि खाली नोंद, की मूळात १.२५ टक्के होतं व त्याचा हा अर्थ कोणाच्या सल्ल्यानं घेतला. ज्याला तो अर्थ पटणार नाही, त्याला निदान कुठं भांडायचं ते कळेल.

सरांनीच आणखी एक गोष्ट विचारली, जी मी आकड्यांच्या नादात हलकी घेत होते: "ते ०.४४ तुम्ही तसंच छापणार, की गुणून?" या पद्धतीत मातीतला सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असं धरतात आणि खरा आकडा हवा असेल तर उत्तराला १.३ नं गुणतात. ०.४४ चे होतात ०.५७. आपल्याकडच्या नेहमीच्या वर्गवारीत ०.५ च्या खाली "कमी", ०.५ ते ०.७५ "मध्यम". एकाच मातीचा, एकाच ब्युरेटच्या वाचनाचा शेतकरी एका कागदावर कमीत आणि दुसऱ्यावर मध्यमात. मूळाच्या मुख्य सूत्रात १.३ नव्हता, शेवटच्या परिच्छेदात होता, "हवा असल्यास" म्हणून. कोणता छापायचा हे भाषांतर करणारीनं ठरवायचं नसतं. मी दोन्ही ओळी ठेवल्या, "दुरुस्तीशिवाय" आणि "१.३ नं दुरुस्त", आणि नोंदवहीत दोन वेगळे रकाने आखायला लावले. पत्रिकेवर दुरुस्तीशिवायचा द्यायचा हे कंपनीनं सरांना विचारून ठरवलं आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

कॅलिब्रेशनचं प्रकरण त्यामानानं लहान, पण त्यातही शब्दांची भेसळ होती. गठ्ठ्यातल्या एका मराठी उताऱ्यात फेरसच्या द्रावणाची ताकद काढणं आणि क्षारतेचं मीटर लावणं या दोन्हींना "प्रमाणीकरण" म्हटलं होतं. पहिल्यात आपण द्रावणाला ओळखतो, यंत्राला हात लावत नाही. दुसऱ्यात ओळखीच्या द्रावणावरून यंत्राला ताळ्यावर आणतो. मी पहिल्याला "द्रावणाची ताकद काढणे" आणि दुसऱ्याला सरळ "मीटर कॅलिब्रेट करणे" लिहिलं.

मीटरला लागतं ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे १ लिटर द्रावणात ०.७४५६ ग्रॅम. इथं मात्र मोलरच, कारण मूळात मोलर आहे. मूळात त्याचं वाचन दिलं होतं 1413 µS/cm, मीटर दाखवतं 1.413 mS/cm आणि पत्रिकेवर लागतं dS/m. शेवटची दोन तंतोतंत सारखी. पहिलं हजारपट लहान एककातलं. इथं मी देवनागरी आकडे सोडून दिले. मीटरच्या पडद्यावर जे अक्षर न् अक्षर दिसतं तेच कागदावर, नाहीतर घाईत लिहिलेला देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. धाकटीच्या वहीत ते एकमेकांचे जुळे भाऊच आहेत.

या १.४१३ ला एक शेपूट आहे, २५ अंश सेल्सिअस. मूळात ते कंसात होतं. ३० अंशांना हेच द्रावण १.५५२ दाखवतं, आणि आमच्याकडे मार्चनंतर दुपारी ३० म्हणजे गारवाच. मीटरची तापमान-भरपाई चालू असेल तर पडद्यावर १.४१३ च यायला हवं. ती बंद असेल आणि सकाळी गारव्यात बटण फिरवून १.४१३ आणलं, तर दुपारपर्यंत खोली जेवढे अंश तापेल, तेवढे दर अंशाला साधारण दोन टक्के नमुने जास्त खारट दिसणार. खारपाणपट्ट्यात असा आकडा कोणाला खटकणारही नाही. म्हणून ओळ लिहिली: आधी द्रावणाचं तापमान मोजा, वहीत लिहा, भरपाई चालू आहे का बघा, मगच बटणाला हात लावा.

सगळं झाल्यावर शब्द बाजूला ठेवून फक्त आकडे तपासले. मोठी इंग्रजी कागदावरचा प्रत्येक आकडा, त्याचं एकक आणि रसायनाचं सूत्र मोठ्यानं वाचायची, मी मराठीवर टिचकी मारायची. मग उलट, मराठीतून इंग्रजीकडे. उलट वाचताना माझे पदरचे "साधारण"वाले आकडे एकेक करून बाहेर पडले आणि प्रत्येकाला जाब द्यावा लागला. ऐकायला कंटाळवाणं आहे, करायलाही आहेच. पण वाक्य वाचत तपासलं की डोळा अर्थावरून घसरत जातो, ०.५ आणि ०.०५ दोन्ही वाक्यात सारखेच शोभतात.

रंगांची ओळ मी दोघींच्याच तोंडून घेतली. डायफिनाइल अमाइनचा शेवट कसा दिसतो हे इंग्रजी शब्दांवरून लिहिण्यात अर्थ नव्हता. "आंदी जांभूळ पिकल्यावानी कारं-जांभळं," धाकटी म्हणाली, "मंग गढूळ निळं, अन् एका थेंबात लखकन हिरवं." कागदावर तेच गेलं, जरा इस्त्री करून: गडद जांभळा, मग गढूळ निळा, तिथून पुढं थेंब थेंब, आणि एका थेंबात स्वच्छ हिरवा. निळ्यापाशी वेग कमी करायचा हे तिनंच सांगितलं, मूळात नव्हतं.

हे पान छापून भिंतीला लागलं आणि पुढच्या खरेदीत दर्शक म्हणून फेरॉइनची बाटली आली. फेरॉइनही चालतो, पण त्याचा शेवट हिरवट रंगावरून तांबूस-तपकिरीवर होतो. भिंतीवरच्या पानाप्रमाणे हिरव्याची वाट बघणारा माणूस शेवट ओलांडून कधीच पुढे गेलेला असतो. आता तिथं दोन पानं आहेत, प्रत्येकाच्या माथ्यावर दर्शकाचं नाव जाड अक्षरात, आणि जी बाटली ओट्यावर असेल तिचंच पान टाचणीला.